लक्ष्मीपूजन, भाडेकरारासह

मराठी घरातलं लक्ष्मीपूजन एक माणूस करतो, अशी आपली समजूत असते. पाटावर बसतात ते बाबा, पळीनं पाणी सोडतात ते बाबा, आणि दुसऱ्या दिवशी फराळाला आलेल्यांना "यंदा पूजा अगदी वेळेवर झाली" असं सांगतात तेही बाबाच. प्रत्यक्षात तो मामला किमान तिघांचा असतो. बाबांनी 'गंध' म्हणायच्या आत गंधाची वाटी उजव्या हाताशी येते. 'फुलं' म्हणायच्या आत देठ खुडलेली फुलं येतात. कापूर लावायची वेळ झाली की काडेपेटी आत राहिलेली असते, ती घरातलं धाकटं माणूस पळत जाऊन आणतं. आई या सगळ्यात पाटावर कुठेच नसते, पण ती नसती तर बाबा संकल्पाचं पाणी हातात धरून पाडव्यापर्यंत बसले असते.

हे सगळं आपल्याला ठाऊक असतं असं आपल्याला वाटतं. ते खरोखर कळतं ते एकट्यानं पूजा करायची वेळ आली की.

ही वेळ ज्या मुलीवर आली तिला आपण मुक्ता म्हणू. वय सव्वीस, माहेर म्हणा, घर म्हणा, सांगलीला. नोकरी पुण्यात, वाकडला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याचा फ्लॅट. 2025च्या दिवाळीत मैत्रिणी आपापल्या गावी गेल्या आणि मुक्ता मागे राहिली. कारण पंचांग.

त्या वर्षी आश्विन अमावास्या 20 ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि 21 ला संध्याकाळी सहाच्या आतच संपली. म्हणजे 20 तारखेला संध्याकाळभर अमावास्या होती, पण सकाळी नव्हती. 21 तारखेला दिवसभर होती, पण पुण्यात सूर्य मावळायच्या जरा आधी ती निघून गेली. दोन्ही बाजूंच्या पंचांगकर्त्यांनी आपापले शास्त्राधार काढले. उत्तरेत बहुतेकांनी 20 तारीख धरली, महाराष्ट्रातल्या पंचांगांनी 21. राज्य सरकारची लक्ष्मीपूजनाची सुट्टीही 21 लाच होती. मुक्ताच्या कंपनीचं मुख्य कार्यालय मात्र गुरुग्रामला. तिथून सुट्टीची यादी आली ती 20 तारखेची. सोमवारी मुक्ता घरी बसून राहिली, तेव्हा सांगलीत आई चकल्या तळत होती. मंगळवारी सांगलीत पूजा होती, तेव्हा मुक्ता कामावर होती. 'घरून काम' मिळालं, पण संध्याकाळी साडेसातला न्यूयॉर्कच्या मंडळींबरोबर बैठक होती. त्यांचे तेव्हा सकाळचे दहा वाजतात आणि त्यांना अमावास्या नसते.

"मग तू तिथेच कर पूजा," आई फोनवर म्हणाली.

"मी? एकटी?"

"मग काय झालं? पाटावर बसायचं आणि करायची."

आजीनं मागून विचारलं, "मुलीनं एकटीनं केली तर चालते का गं?" आईनं फोन हातानं झाकला नाही, त्यामुळे उत्तरही ऐकू आलं. "अहो आई, पुण्यात ज्ञान प्रबोधिनीवाल्या बायका लग्नं लावतात. हिला आपली सुपारी मांडायचीय."

आजीचा प्रश्न तिथेच मिटला. मुक्ताचे सुरू झाले.

आईनं साहित्याची यादी सांगितली, आणि यादीतल्या प्रत्येक वस्तूचं प्रमाण 'थोडंसं' होतं. थोडीशी हळद, थोडंसं कुंकू, थोड्याशा अक्षता, थोडीशी फुलं. फक्त एका बाबतीत आई आकड्यावर आली: विड्याची पानं. पाच कलशात, दोन गणपतीपुढे, दोन लक्ष्मीपुढे, आणि दोन जास्तीची, "कारण एक तरी फाटकं निघतं." अकरापैकी तीन फाटकी निघाली. आईचा अंदाज एकानं चुकला, पण तिची पद्धत बरोबर होती.

बाकीचं सामान मोबाईलवरून मागवलं. दहा मिनिटांत काय वाटेल ते आणून देणाऱ्या सेवा आता दिवाळीत लक्ष्मीपूजनाचा आख्खा डबाच विकतात. त्यात अष्टगंध, धूप, कापूर, फुलवाती, लाल कापड आणि एक प्लास्टिकची पावलं चिकटवायची पट्टी निघाली. पावलं चिकटवायचा प्रश्न नव्हता, कारण घरमालकांच्या अटींत भिंतीला खिळा आणि फरशीला चिकट काहीही लावायचं नाही असं होतं. साळीच्या लाह्या मागवल्या तर त्याऐवजी चुरमुरे आले, आणि पावतीवर 'तत्सम पर्याय' अशी नोंद. साळीच्या लाह्या म्हणजे टरफलासकट भात गरम वाळूत फोडून केलेल्या; नवीन पीक घरात आलं त्याची ती पहिली खूण, म्हणून लक्ष्मीपुढे त्यांचा मान. चुरमुरे भात आधी उकडून, वाळवून, कांडून मग भाजतात. ते भेळेत जातात. एवढा फरक त्या सेवेला समजावून सांगायला मुक्तानं तक्रारीचं पान उघडलं, तिथे पर्याय दोनच होते: 'वस्तू खराब आहे' आणि 'वस्तू मिळाली नाही'. तिसऱ्या पर्यायाला त्यांच्याकडे जागा नव्हती. सांगलीला फोन गेला. आजी म्हणाली, "मक्याच्या लाह्या आहेत का घरात?" होत्या. सिनेमा बघताना खायच्या, लोणी मारलेल्या. आजीनं क्षणभर विचार केला आणि निर्णय दिला: "चुरमुरेच ठेव. बत्तासे जास्त ठेव."

केरसुणीच्या बाबतीत मात्र आईनं माघार घेतली नाही. लक्ष्मीपूजनात केरसुणी ही पूजेची वस्तू नव्हे, स्वतः लक्ष्मीच. ती नवीन हवी, शिंदीच्या पानांची हवी, आणि तिला हळदकुंकू वाहूनच वापरायला काढायची. मुक्ताच्या फ्लॅटमध्ये लांब दांड्याचा प्लास्टिकचा ब्रश होता आणि घरभर आपणहून फिरून धूळ ओढणारं एक गोल यंत्र होतं, एका मैत्रिणीचं. "त्यालाच हळदकुंकू लावू का?" असं मुक्तानं विचारून पाहिलं. आई म्हणाली, "ते रात्री चार्जिंगला लावावं लागतं ना? लक्ष्मीला लावावं लागत नाही." शेवटी मुक्ता जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडली आणि रस्त्याकडेला बसलेल्या एका मावशींकडून केरसुणी घेतली. मावशींनी ती देताना कपाळाला लावली. पैसे मुक्तानं मोबाईलवरून दिले.

आणि इथेच तिच्या लक्षात आलं की घरात पैसे नाहीत.

म्हणजे खात्यात होते. महिन्याच्या एकवीस तारखेला असतात तेवढे होते. पण नाणं असं एकही नव्हतं. कलशात एक लागतं, विड्यांवर एकेक, आणि लक्ष्मी म्हणून मांडायला किमान एक. घरी बाबांच्या कपाटात चांदीचं लक्ष्मीचं नाणं आहे, वर्षातून एकदा बाहेर येणारं. इथे 2016 साली यूपीआय आलं, आणि तेव्हा शाळेत असलेल्या या मुलीनं नोकरीला लागल्यापासून सुट्टे पैसे हाताळलेलेच नव्हते. जुन्या पर्सच्या अस्तरात एक पाच रुपयांचं नाणं सापडलं. मैत्रिणीच्या टेबलावरच्या पेनांच्या डब्यात एक रुपया. मग ती खालच्या किराणा दुकानात गेली.

"काका, वीस रुपये ऑनलाइन करते, मला सुट्टी नाणी द्या ना."

"आज?" काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं आपण गल्ला मागितला. "पोरी, आज तिन्हीसांजेला कोणी लक्ष्मी बाहेर देतं का? उद्या ये. उद्या पन्नास देतो."

"पण माझेही पैसे तुम्ही घेणारच ना ऑनलाइन?"

"येणारी लक्ष्मी नाही म्हणू नये," काका म्हणाले.

या व्यवहारात कुठेतरी तर्क होता, पण तो पूर्णपणे काकांच्या बाजूला होता. मुक्तानं दोन नाण्यांवर भागवायचं ठरवलं. एक कलशात, एक लक्ष्मी म्हणून. विड्यांवर सुपारी ठेवली की झालं.

व्यापाऱ्यांच्या घरी या दिवशी वही पूजतात. त्यांचं नवं वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे पाडव्याला सुरू होतं, आणि त्या वर्षाची कोरी वही आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपुढे ठेवायची, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक आणि 'श्री' काढून. नोकरदारांच्या घरी वहीच्या जागी बँकेचं पासबुक आलं, दागिन्यांची डबी आली. मुक्ताकडे पासबुक नाही, बँकेनं ते कधी दिलंच नाही. दागिने सांगलीत. लॅपटॉप कंपनीचा, त्याला हळदकुंकू लावलं तर परत करताना कोणत्या रकान्यात लिहायचं हा प्रश्न. मग आपली सर्वांत मोठी पुंजी आहे तरी कुठे, याचा तिनं शांतपणे विचार केला आणि उत्तर आलं: घरमालकांकडे. घर घेताना दिलेली अनामत रक्कम. तिच्या बँकेत आजवर एका वेळी जेवढे पैसे राहिले नाहीत त्याहून जास्त.

आणि त्या रकमेचा एकमेव पुरावा म्हणजे भाडेकरार.

महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याचं 55 वं कलम तसं सांगतं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. कागदावर त्याचं नाव 'लिव्ह अँड लायसन्स', मुदत बहुधा अकरा महिने. मुक्ताच्या कराराची छापील प्रत होती. मालक, मालकीणबाई आणि तीन मुलींचे फोटो, अंगठ्यांचे ठसे, शिक्का, परिशिष्टात दोन पंखे, एक गिझर, चार ट्यूबलाइट. पहिल्या पानावर कोपऱ्यात, शिक्क्याला धक्का लागणार नाही अशा बेतानं, तिनं कुंकवाचं बारीक स्वस्तिक काढलं आणि वही म्हणून तो करार चौरंगावर ठेवला. चौरंग म्हणजे चहाचं ठेंगणं टेबल, वर लाल कापड. परिशिष्टात तेही होतं.

आता कलश. इथे शास्त्र आणि भूमिती दोन्ही लागतात. तांब्याचं तोंड नारळापेक्षा लहान हवं, म्हणजे नारळ आत पडत नाही. पण फार लहान नको, कारण पाच पानांचे देठ पाण्यात जाऊन पानं बाहेर फाकली पाहिजेत आणि त्या पानांच्या गादीवर नारळ शेंडी वर करून टेकला पाहिजे. खाली तांदळाची रास, म्हणजे बूड डगमगत नाही. मुक्ताकडे कंपनीनं दिवाळीला पाठवलेला स्टीलचा उंच पेला होता, त्यावर नारळ बसला आणि लगेच उतरला. मग दुधाचं पातेलं. त्यात नारळ सरळ बुडाला आणि शेंडी तेवढी वर राहिली. सहाला दहा कमी असताना ती ओल्या हातांनी शेजारच्या दारात उभी होती.

शेजारच्या भाभी मूळच्या राजस्थानातल्या पालीच्या, पुण्यात वीस वर्षं झालेली. त्यांनी दार उघडलं, मुक्ताच्या हातातला नारळ पाहिला, पातेलं पाहिलं आणि काही विचारलं नाही. "आमची काल झाली ना पूजा," असं म्हणत आतून तांब्याचा घासलेला कलश आणून दिला. "घे. आज रिकामाच आहे." अमावास्या दोन दिवसांत विभागली गेली त्याचा महाराष्ट्रात कुणाला काय फायदा झाला असेल तो असो, वाकडच्या एका मजल्यावर एक कलश दोन लक्ष्मीपूजनांना पुरला.

लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी करायचं. प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरच्या साधारण सहा घटका, आजच्या घड्याळात सव्वादोन ते अडीच तास. ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात पुण्यात सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो. साडेसातची बैठक धरली तर मुक्ताच्या हाती जेमतेम सव्वा तास. तिनं मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, एका गुरुजींची ध्वनिचित्रफीत लावली आणि पाटावर बसली. पाट म्हणजे योगासनांची गुंडाळी, घडी घातलेली.

गुरुजी शांत आवाजात म्हणाले, "यजमानांनी पूर्वेकडे तोंड करून बसावं. पत्नीनं यजमानांच्या उजव्या बाजूला बसावं आणि संकल्पाच्या वेळी त्यांच्या हाताला हात लावावा."

मुक्तानं आपला डावा हात आपल्या उजव्या हाताला लावला.

संकल्प हा पूजेतला सर्वांत नेटका भाग. कोण, कुठे, कधी, कशासाठी हे एका दमात सांगायचं. विश्वाचा काळ कुठे येऊन ठेपला इथपासून सुरुवात, मग भारतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर, मग शक 1947, विश्वावसु संवत्सर, दक्षिणायन, शरद ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. पुणे गोदावरीच्या दक्षिणेला आहे, तेव्हा पत्ता बिनचूक होता. सामान आणणाऱ्या मुलाला याच्या निम्म्यानंही कळला असता तर तो तीनदा फोन करून 'मॅडम, बी विंग कुठे' म्हणाला नसता. मग गुरुजी म्हणाले, "आता आपलं गोत्र उच्चारावं," आणि थांबले. मुक्ताही थांबली. तिला आपला रक्तगट ठाऊक होता, पॅन क्रमांक पाठ होता. गोत्र बाबा म्हणायचे, दरवर्षी, अगदी भरभर. फोन करावा तर फोनमध्येच गुरुजी. तेवढ्यात गुरुजींनीच वाट काढून दिली, "गोत्र माहीत नसल्यास काश्यप म्हणावं." या माणसानं बऱ्याच एकट्या मुलींची पूजा सांगितली असावी.

तळहातावरून पाणी सोडलं, ते ताम्हनात पडलं. ताम्हन म्हणजे वरणाचं ताट.

पुढचा सगळा गोंधळ ओल्या हाताचा होता. गणपतीची सुपारी मांडली, तिला स्नान घातलं, तेवढ्यात गुरुजी थांबले आणि एक तरुण हसतमुखानं म्हणाला की वैयक्तिक कर्ज आता दोन मिनिटांत मिळतं. जाहिरात बंद करायला बोट लावलं तर पडद्यावर पाण्याचा थेंब पसरला, आणि पाण्याचा थेंब पडलेला पडदा बोट ओळखत नाही. पुसायला कपडा शोधेपर्यंत गुरुजी परतले आणि थेट कलशपूजनाला लागले. मागे आणायला पुन्हा बोट लावलं, तर आता त्याला मध लागलेला. मग फोननं आपणहून कुलूप घातलं. उघडायला अंगठा मागितला. अंगठ्याला अष्टगंध.

घरी हे घडत नाही, कारण घरी आई कोरड्या हातांची असते. पाटावरचा माणूस ओला, मागचा माणूस कोरडा, ही पूजेची खरी रचना आहे आणि ती कुठल्याही पोथीत लिहिलेली नाही. पोथी सांगते 'धूप दाखवावा'. उदबत्ती लावायला काडेपेटी लागते, काडेपेटी कोरड्या हातानं धरावी लागते, आणि ती स्वयंपाकघरात असते, हे पोथीच्या लेखकालाही त्याच्या बायकोनंच सांभाळलेलं असणार. मुक्ता दर दोन उपचारांना उठत होती. गुरुजी सोळा उपचार सांगत होते, आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य असे क्रमानं, आणि ती प्रत्येकाला नवीन काहीतरी आणायला आत जात होती.

वस्त्राची पाळी आली. वस्त्र म्हणजे कापसाची माळ, कुंकवानं मण्यामण्यासारखी केलेली. ती डब्यात नव्हती. मुक्ता उठणार इतक्यात गुरुजी म्हणाले, "वस्त्र नसल्यास वस्त्रार्थे अक्षता वाहाव्यात." तिनं वाहिल्या. यज्ञोपवीत. ते नसल्यास अक्षता. अलंकार. अलंकारार्थे अक्षता. मुक्ताला एकदम मोकळं वाटलं. जे नाही त्याच्या जागी तांदळाचे चार अख्खे दाणे, कुंकू लावलेले. तुटका दाणा चालत नाही एवढीच अट. संकल्पातही गुरुजींनी म्हणून घेतलं होतंच की मला माहीत आहे तशी आणि मिळाल्या साहित्यानं मी ही पूजा करते. ज्यांनी हे विधी बसवले त्यांनी भाड्याच्या घरांची सोय आधीच करून ठेवली होती. दहा मिनिटांत सामान आणणाऱ्यांचा 'तत्सम पर्याय' आणि हा पर्याय यांत फरक इतकाच, की इथे काय नाही ते आधी स्पष्ट बोलून मग तांदूळ वाहतात.

या सवलतीला मर्यादाही आहे. दिव्याच्या जागी अक्षता चालत नाहीत आणि नैवेद्याच्या जागीही नाहीत. दिवा लावला आणि तो विझला, कारण पंखा. पंखा बंद केला तर ऑक्टोबरचा उकाडा आणि चार पणत्यांची धग. खिडकी उघडली तर समोरच्या इमारतीतल्या फटाक्यांचा धूर आत. शेवटी मुक्तानं पंखा बंद, खिडकी बंद, आणि घामाघूम अवस्थेत धणे, गूळ, बत्तासे, चुरमुरे, विकतच्या करंज्या आणि सांगलीहून कुरिअरनं आलेले आईचे अनारसे, त्यांतले दोन तुटलेले, असा नैवेद्य दाखवला. समईखाली ताट ठेवायला ती विसरली नाही. तेलाचा डाग आणि अनामत रक्कम यांचं नातं तिला पुरतं ठाऊक होतं.

आरतीला सांगलीची मंडळी व्हिडिओवर आली. गुरुजींना निरोप मिळाला आणि पडद्यावर बाबांचं कपाळ आलं, मागे आई, तिच्या मागे आजी आणि तिथली सजलेली पूजा. दोन्हीकडे एकदमच आरती म्हणायची असं ठरलं. ठरलेलं टिकलं नाही, कारण आवाज सांगलीहून वाकडला यायला अर्धा क्षण जास्त घेत होता. बाबा टाळी वाजवत ती इथे दोन टाळ्यांच्या मधोमध पडे, आणि मुक्ता त्यांच्याशी जुळवायला थांबली की तिकडून तेही तिच्यासाठी थांबत. दुसऱ्या कडव्यापर्यंत आरतीचा वेग इतका उतरला की आजीनं विचारलं, "हे काय, अंगाई का?" मग बाबांनी आवाज बंद केला आणि म्हणाले, "तू म्हण. आम्ही ऐकतो."

आणि मग मुक्ताला कळलं की तिला आरती येत नाही.

सगळ्यांनाच असं वाटत असतं की आरत्या आपल्याला पाठ आहेत. त्या पाठ असतात त्या घोळक्यात. कडव्याची सुरुवात कुणीतरी खणखणीत उचलतं, आपण तिसऱ्या शब्दाला सामील होतो, मधला कठीण भाग सगळे मिळून पुटपुटतात आणि धृपदावर सगळ्यांचे आवाज एकदम मोठे होतात. मुक्ताकडे सगळी धृपदं होती, सगळी यमकं होती. मधलं काही नव्हतं. डाव्या हातात घंटी, उजव्या हातात निरांजनाचं ताट, आणि पडद्यावर तीन पिढ्या तिच्याकडे पाहतायत. जिथे शब्द आठवत नव्हते तिथे तिनं घंटी जोरात वाजवली. आई नंतर म्हणाली, "घंटी छान वाजवलीस."

साडेसातला दोन मिनिटं कमी असताना ती बैठकीत हजर झाली. कपाळावर कुंकू, केसांत एक झेंडूची पाकळी, मागे समई. गुरुग्रामच्या साहेबांनी विचारलं, "दिवाली तो कल थी ना?" मुक्तानं अमावास्या कधी लागते आणि कधी संपते ते सांगायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या बाईंनी "किती सुंदर दिवे" म्हणून विषय मिटवला. बैठक चालू असताना मुक्ताचा एक डोळा समईवर होता. त्या रात्री दिवा तेवत ठेवायचा असतो आणि दारही उघडं ठेवायचं असतं, लक्ष्मी येते म्हणून. सोसायटीत दार उघडं ठेवायला बंदी नाही, पण जो येईल त्याची नोंद फाटकावर होते आणि मोबाईलवर 'पाहुण्याला सोडायचं का' असा प्रश्न येतो. मुक्तानं जाळीचा दरवाजा लावून आतला उघडा ठेवला आणि उंबरठ्याच्या जागी, म्हणजे जिथे उंबरठा असायला हवा होता तिथे, रांगोळीच्या ठिपक्यांची दोन पावलं काढली. रांगोळी पुसता येते. कराराला तिची हरकत नव्हती.

मध्यरात्री अलक्ष्मी काढायची. वर्षभर दिवेलागणीनंतर केर काढायचा नसतो, या एका रात्री मात्र काढायचा, नव्या केरसुणीनं, आतल्या खोलीपासून दारापर्यंत. बाराला मुक्ता वाकून झाडत होती. शिंदीची नवी केरसुणी पहिल्या दिवशी स्वतःच भरपूर कचरा करते, त्यामुळे जेवढी अलक्ष्मी बाहेर गेली तेवढीच केरसुणीतून गळून मागे पडली. मैत्रिणीचं गोल यंत्र कोपऱ्यात चार्जिंगला होतं. मुक्तानं त्याचं बटण दाबलं नाही, पण तशी इच्छा झाली हे तिनं आईला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, उत्तरपूजा. अक्षता वाहून कलश जरासा हलवायचा आणि पुन्हा येण्याचं निमंत्रण द्यायचं. हे दोन मिनिटांचं काम कुणालाही मदतीशिवाय जमतं. कलशातलं पाणी घरभर शिंपडलं, राशीचे तांदूळ डब्यात गेले, नाणी पर्समध्ये आणि भाडेकरार फाइलमध्ये. नारळ मात्र राहिला. फ्लॅटमध्ये नारळ फोडायला दगड नसतो, पाटा नसतो, आणि जी कठीण जागा असते ती घरमालकांची ग्रॅनाइटची. तो भाभींकडे गेला, घासलेल्या कलशाबरोबर. भाभींनी बाल्कनीत नेऊन दोन घावांत फोडला आणि अर्धा परत दिला.

वाचकांपैकी कुणावर ही पाळी येत्या दिवाळीत येणार असेल, तर सामानाची यादी आईकडून घ्या, पण त्यात नसलेल्या तीन गोष्टी पूजेला बसायच्या आधी स्वतःच्या उजव्या हाताशी ठेवा: काडेपेटी, कोरडा पंचा आणि गोत्र. गुरुजींची ध्वनिचित्रफीत आधी उतरवून घ्या, म्हणजे मध्ये कर्ज मिळणार नाही, आणि फोनला कुलूप लागायची वेळ वाढवून ठेवा. सुट्टी नाणी वसुबारसेलाच गोळा करा, पूजेच्या दिवशी कुणी देणार नाही. आणि 2026 साली लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, रविवारी, उत्तरेतही आणि आपल्याकडेही. सुट्टीचा प्रश्न त्यामुळे नाही. पण शेजारणीचा कलश त्या संध्याकाळी रिकामा नसेल, तेव्हा तांब्या आधीच विकत आणा, आणि आणताना नारळ बरोबर न्या.